पिशवीचं अस्तर जाड आहे म्हणजे नेमकं काय?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४६, दोन मुलं. गेले आठ-नऊ महिने पाळी संपली तरी मध्येच डाग पडतात, कधी दहा-दहा दिवस अंगावरून जात राहतं. गोळ्यांनी थांबतं, गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू. सोनोग्राफीत ‘गर्भाशयाचं अस्तर १५ मिलिमीटर’ असं आलं आणि घरातल्या मोठ्या माणसांचं मत पडलं की मुलं झालीच आहेत, आता पिशवी काढून टाकावी.

ताई, एवढ्यावर पिशवी काढायला होकार देऊ नका. १५ हा आकडा फक्त जाडी सांगतो, ती कशानं आली हे सांगत नाही.

पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं. पाळी संपल्या संपल्या ते जेमतेम २ ते ४ मिलिमीटर असतं, पुढची पाळी जवळ आली की १५-१६ पर्यंत जाऊ शकतं आणि तरीही अगदी निरोगी असू शकतं. तुमच्या रिपोर्टवरची तारीख पाळीच्या बाविसाव्या दिवसाची आहे. म्हणून पहिलं काम म्हणजे पाळी थांबल्यावर लगेच, योनीमार्गे सोनोग्राफी पुन्हा करून घेणं. तेव्हाही अस्तर जाडच राहिलं किंवा त्यात एक वेगळा गोळा दिसला, तर पॉलिपची शंका येते.

पॉलिप म्हणजे अस्तराचाच एक भाग वाढून पोकळीत लोंबू लागतो, कधी बारीक देठावर, कधी रुंद बुडावर. बहुतेक पॉलिप कर्करोगाचे नसतात. पण पाळीशी संबंध नसलेले डाग पडण्याचं ते नेहमीचं कारण आहे, आणि गोळ्यांनी पॉलिप गळून पडत नाही. रक्तस्राव गोळ्यांपुरताच थांबत असेल, तर त्यामागे हेही असू शकतं.

पूर्वी अशा वेळी सरसकट क्युरेटिंग करायचे. त्यात डॉक्टरांना आत काय आहे ते दिसत नाही. देठावरचा मऊ पॉलिप हत्यारापुढून बाजूला सरकतो, मागे राहतो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. आत पॉलिप असल्याची शंका असेल तेव्हा मी हिस्टेरोस्कोपीचा आग्रह धरते तो याच कारणानं.

हिस्टेरोस्कोपीत पोटावर छेद नसतो. काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनीमार्गे गर्भाशयात जाते, सलाइन सोडून पोकळी उघडी केली जाते आणि पडद्यावर सगळं अस्तर दिसतं. पाळी संपल्यावरच्या चार-पाच दिवसांत केली तर अस्तर पातळ असल्यानं चित्र स्वच्छ येतं. गर्भ नाही याची खात्री आधी करावी लागते. नुसतं पाहायचं असेल तर बारीक दुर्बिणीनं ते भूल न देताही होतं. पॉलिप काढायचा असेल तर अनेकदा थोडा वेळ भूल देतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. पॉलिप बुडापासून कापला पाहिजे, बूड राहिलं तर तो पुन्हा वाढू शकतो. नंतर थोडे दिवस किंचित डाग चालतात. ताप, दुर्गंधी किंवा वाढत जाणारं पोटदुखणं मात्र त्याच दिवशी कळवा.

डोळ्यांना निरोगी दिसलं तरी काढलेला पॉलिप आणि आजूबाजूच्या अस्तराचा तुकडा, दोन्ही बायप्सीला जायला हवेत. साधा पॉलिप असा रिपोर्ट आला तर पॉलिप काढणं हाच उपचार होता, तो झाला. अस्तराची वाढ जास्त आहे, पण पेशी बिघडलेल्या नाहीत (रिपोर्टवर ‘हायपरप्लेझिया विदाउट अटिपिया’), असं आलं तर ती सहसा हार्मोनच्या उपचारानं मागे जाते. गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू यात चांगली उपयोगी पडते. सहा महिन्यांनी बायप्सी पुन्हा करून वाढ गेली का ते पाहायचं, नुसता रक्तस्राव थांबला म्हणून ती टाळायची नाही. ‘अटिपिया’ आहे असं आलं तर गोष्ट वेगळी. तिथे कर्करोगाचा धोका खरा असतो, कधी तो आधीच शेजारी दडलेला असतो, आणि मुलं नको असतील तर पिशवी काढण्याचा सल्ला मीही देते.

पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईचं गणित निराळं. तिला एकदाही डाग पडला तर सोनोग्राफी हवीच. अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी. त्याहून जाड असेल, किंवा पातळ असूनही डाग पुन्हा पडले, तर बायप्सी टाळू नये. वजन जास्त, मधुमेह, वर्षानुवर्षं उशिरा येणारी पाळी, स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असणं, यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि ताई, पॉलिप काढून रिपोर्ट चांगला आला, तरीही पाळीत भरपूर जातच राहिलं, तर कारण अस्तराबाहेरचं असू शकतं. गर्भाशयाच्या स्नायूतला बिघाड किंवा थायरॉइड बायप्सीत दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी, आणि इतके महिने गेल्यावर हिमोग्लोबिनही याच आठवड्यात तपासून घ्या.