कचेरीच्या कामासाठी मुक्काम
जत तालुक्यातील पक्षकाराला सांगलीच्या न्यायालयात सकाळी हजर राहावयाचे असेल, तर आदल्या संध्याकाळी येणे सोयीचे पडते. एस. टी. स्थानकाच्या परिसरात लॉज मिळतात. जिल्हा न्यायालय व जिल्हाधिकारी कार्यालय मात्र मिरज मार्गावरील विजयनगरात आहेत. म्हणून भाड्यात रिक्षाचा खर्च मिळवूनच खोली स्वस्त की महाग हे ठरवावे. साताऱ्यात रेल्वे स्थानक माहुलीला, तर कचेऱ्या सदर बझारात आहेत, तेथे एस. टी.ने उतरणे बरे.

शासकीय विश्रामगृहात अधिकाऱ्यांना अग्रक्रम असतो. सुनावणीच्या आदल्या रात्री त्यावर विसंबू नये. लॉजवर आतली कडी पाहावी, पावती घ्यावी आणि खोली चोवीस तासांची की दुपारी बारापर्यंतची, हे विचारावे. बारापर्यंतची असल्यास सकाळीच सोडावी. मग पुकारा दुपारी झाला तरी दुसऱ्या दिवसाचे भाडे पडत नाही.