शंभर टक्के निकालाच्या पलीकडचा अर्ज

गणिताचे शिक्षक असलेले एक पर्यवेक्षक स्वयंअर्थसहाय्यित शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी अर्ज लिहीत आहेत. शाळा राज्य मंडळाचीच आहे. अनेक निवड समित्यांवर काम केलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेशी त्यांचा हा संवाद.

सर: बाई, मसुद्यात मी तीन मथळे केलेत: शिक्षक, पालक आणि निकाल. प्रत्येकाखाली केलेली कामं लिहिली आहेत. कार्यशाळा, पालकसभा, दहावीचा शंभर टक्के निकाल. आणखी काय हवं?

बाई: कामं भरपूर आहेत, पण ती तुमच्यामुळे झाली की तुमच्या देखत झाली, ते कळत नाही. आपल्याकडे अनुदानित शाळेत मुख्याध्यापकपद प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने मिळतं. त्यामुळे सेवेची वर्षं, प्रशिक्षणं आणि प्रमाणपत्रं मांडली की हक्क सिद्ध झाला, असं आपल्याला वाटतं. जाहिरात देऊन पद भरणारी संस्था अर्जांची एकमेकांशी तुलना करते, आणि कार्यशाळा, पालकसभा, शंभर टक्के हे तर प्रत्येकाच्याच अर्जात असतं. माझं म्हणणं एवढंच की तीन मथळ्यांखाली तीन याद्या देऊ नका. एकच अडचण घ्या. ती सोडवताना शिक्षकांच्या कामात काय बदललं, त्यात पालक कुठे आले आणि मुलांच्या गुणांवर काय परिणाम झाला, हे सलग दाखवा. शिक्षक, पालक आणि निकाल या तिन्ही गोष्टी एका निर्णयाने जोडलेल्या दिसल्या, तरच वाचणाऱ्याला नेतृत्व दिसतं.

सर: पण शंभर टक्के निकाल हा पुरावा नाही का? संस्थाचालक पहिल्यांदा तोच विचारतात.

बाई: विचारतात, आणि जाणकार समिती लगेच पुढचा प्रश्न विचारते: नववीत किती मुलं होती आणि दहावीला किती बसली? कच्ची मुलं नववीतच मागे ठेवली, किंवा त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितलं, की शाळेचा निकाल आपोआप वर जातो. तुम्ही असं केलं नसेल, पण ते तुमच्या आकड्यावरून कसं कळणार? दुसरं म्हणजे अंतर्गत गुण. दहावीच्या गणितात भाग एक आणि भाग दोन मिळून 80 गुणांची लेखी परीक्षा असते आणि 20 गुण शाळेच्या हातात असतात. एखाद्या मुलाला लेखीत 19 मिळाले आणि शाळेने 18 दिले, तर गुणपत्रिकेवर 37 दिसतात आणि तो उत्तीर्ण होतो. लेखीत पाव हिस्सा गुणही न मिळवलेला हा मुलगा तुमच्या शंभर टक्क्यांत सुखाने बसला आहे. म्हणून अंतर्गत गुण वजा करून फक्त लेखीचे गुण मांडा. ते आकडे कमी देखणे दिसतील, पण त्यांवर विश्वास बसेल.

सर: मग हे प्रत्यक्ष मांडायचं कसं?

बाई: एक नमुना घेऊ, आकडे कल्पित. नववीच्या वार्षिक परीक्षेला 112 मुलं होती. त्यातल्या 31 मुलांना गणिताच्या लेखीत 80 पैकी 28 पेक्षा कमी, म्हणजे पस्तीस टक्क्यांहून कमी गुण होते. या पर्यवेक्षकाने तिन्ही तुकड्यांच्या त्या उत्तरपत्रिका एकत्र काढून गणिताच्या तीन शिक्षकांना सोबत घेऊन चाळल्या. दोन गोष्टी निघाल्या. मुलं भूमितीच्या सिद्धता कोऱ्या सोडत होती, आणि एकाच प्रकारच्या अर्धवट उत्तराला तीन शिक्षक तीन प्रकारे गुण देत होते. मग तो तासाला बसला आणि लॉगबुकात नोंद केली, की फळ्यावर पूर्ण सिद्धता शिक्षक लिहितात आणि मुलं ती उतरवून घेतात. ‘शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतली’ या वाक्यात यातलं काहीच दिसत नाही. अर्जात असं लिहा: गुणदानाचा तक्ता तिघांनी मिळून ठरवला, तपासलेल्या पेपरांची अदलाबदल सुरू केली, आणि भूमितीच्या तासाची पहिली दहा मिनिटं मुलांनी फळा न बघता सिद्धता लिहायची असं ठरलं. पुढे तीन महिन्यांनी पुन्हा तासाला बसल्यावर तिघांपैकी दोघांच्या वर्गात हे नियमाने चाललेलं दिसलं, तिसऱ्याच्या वर्गात नाही. हेही लिहा.

सर: तिसऱ्याचं कशाला लिहायचं? स्वतःचं अपयश अर्जात?

बाई: कारण शिक्षकांशी वागण्याचा खरा कस तिथेच लागतो. त्या तिसऱ्या शिक्षकाबाबत पर्यवेक्षकाने काय केलं? मेमो द्यायला लावला, तुकडी बदलली, की त्याच्या बाजूला बसून चार तासांचं टाचण काढलं? पर्यवेक्षकाला स्वतः मेमो देण्याचा अधिकार नसतो, तो मुख्याध्यापकाकडे असतो. त्यामुळे अधिकार नसताना त्याने सहकाऱ्याला कसं वळवलं, हे समितीला मोलाचं वाटतं. फक्त नाव लिहू नका. ‘एक सहकारी’ एवढं पुरे.

सर: आता पालक. माझ्या पालकसभांना उपस्थिती चांगली असते.

बाई: उपस्थितीवरून सभा भरली एवढंच कळतं. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ बंधनकारकच आहे, त्यामुळे संघ स्थापन केला यात श्रेय नाही. नमुन्यातल्या शाळेत बघा. ज्या 31 मुलांसाठी पालक यायला हवे होते, त्यातले निम्म्याहून जास्त आलेच नव्हते, कारण सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असायची. ती संध्याकाळी साडेसहाला नेली आणि भाषणाऐवजी प्रत्येक पालकाच्या हातात मुलाची उत्तरपत्रिका दिली. तिथे हमखास दोन बोलणी होतात. एक म्हणजे, ‘तो क्लासला जातो की!’ आणि दुसरं, ‘त्या शिक्षकांची तुकडी बदला.’ या दुसऱ्या मागणीला पर्यवेक्षकाने काय उत्तर दिलं, ते अर्जातलं सगळ्यात बोलकं वाक्य ठरू शकतं. समजा त्याने तुकडी बदलली नाही, पण दर पंधरवड्याला त्या तुकडीच्या दोन सिद्धता स्वतः तपासून पालकांना दाखवायचं कबूल केलं आणि ते पाळलं. शिक्षकाची पत राहिली आणि पालकांना उत्तरही मिळालं. पालक आणि शिक्षक समोरासमोर उभे ठाकतात तेव्हा दोघांचंही ऐकून निर्णय घेणारा माणूसच संस्थेला त्या खुर्चीत हवा असतो.

सर: तुम्हीच क्लासचं काढलंत. समिती म्हणेल, निकाल सुधारला तो क्लासमुळे. किंवा ती बॅचच हुशार होती.

बाई: म्हणू दे. त्याचं उत्तर आकड्यांतच ठेवा, पण सावधपणे. या बॅचमधली 109 मुलं शाळेतूनच दहावीला बसली. तीन मुलांनी दाखला नेला, आणि दोघांनी बदलीमुळे तर एकाने गावी गेल्यामुळे नेला, असं स्पष्ट लिहा. बोर्डाच्या गणिताच्या लेखीत 28 पेक्षा कमी गुण मिळालेली मुलं 9 उरली. आधीच्या बॅचला नववीत अशी 29 होती आणि बोर्डात 22 राहिली होती. क्लास त्या बॅचलाही होतेच. बॅच हुशार होती का, हे पाहायला त्याच मुलांचा दुसरा विषय घ्या. विज्ञानाच्या लेखीत पस्तीस टक्क्यांखाली राहिलेली मुलं आधीच्या बॅचमध्ये 14 होती, या बॅचमध्ये 13. बॅचच हुशार असती तर विज्ञानही गणितासोबत वर गेलं असतं. इथे फक्त गणित हललं, आणि काम फक्त गणितात झालं होतं.

सर: एवढ्याने सिद्ध होतं?

बाई: पूर्ण नाही. नववीची प्रश्नपत्रिका शाळा काढते आणि दहावीची बोर्ड, त्यामुळे दोन परीक्षांची काठिण्यपातळी एक नसते. बोर्डाचा गणिताचा पेपर त्या वर्षी सोपा निघाला असेल, ही शंकाही उरते. शिवाय एकाच बॅचवर फार मोठा दावा उभा राहत नाही. म्हणून अर्जात ‘माझ्यामुळे’ असा शब्द न घालता ‘हे बदल केल्यानंतर’ असं लिहा आणि आकडे शेजारी ठेवा. निष्कर्ष वाचणाऱ्याने काढला की तो मुलाखतीत टिकतो. आपण काढून दिला की पहिल्याच उलटतपासणीत ढासळतो.

सर: पण बाई, हे सगळं ‘मी केलं’ म्हणायचं? काम तर तिघा शिक्षकांनी केलं. स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं होतं.

बाई: तो संकोच चांगला आहे, पण त्यातून सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं जातं आणि मग समितीला तुमचा वाटा शोधावा लागतो. प्रत्येक पायरीला कर्ता द्या. उत्तरपत्रिका एकत्र काढायचं मी सुचवलं. भूमितीच्या तासातल्या बदलाला मुख्याध्यापकांनी मान्यता दिली. गुणदानाचा तक्ता तिघा शिक्षकांनी केला. सभेची वेळ मी बदलून घेतली. असं लिहिलं की बढाई होत नाही, आणि कोणतं श्रेय कुणाला द्यायचं हे या माणसाला कळतं, हेही त्यातच दिसतं. ज्या मुख्याध्यापकांनी मान्यता दिली, त्यांचं नाव संदर्भासाठी द्या. समितीने फोन केला तर तेही हेच सांगतील.

सर: एवढं सगळं वाचायला समितीला वेळ असतो का?

बाई: नसतो. म्हणून सोबतच्या पत्रात ही हकीकत दोन परिच्छेदांत बसवा आणि मागे एका पानाचा तक्ता जोडा: दोन बॅचेस, दोन विषय, लेखीचे गुण आणि पटसंख्या. मुलांची नावं नकोत, आसनक्रमांक नकोत, लॉगबुकाच्या प्रतीही नकोत. ते शाळेचं दप्तर आहे. ते परवानगीशिवाय बाहेर नेणाऱ्याच्या हाती उद्या स्वतःच्या शाळेचं दप्तर द्यायला कोण तयार होईल? बाकीची कामं बायोडाटात एकेका ओळीत जाऊ द्या.

सर: आणि शेवट? ‘संधी दिल्यास शाळेचा नावलौकिक वाढवीन’ असं लिहिलंय.

बाई: ते खोडा. तुमच्या तक्त्यात उरलेली ती 9 मुलं घ्या. त्यांना दोन वर्षं काय शिकवलं गेलं नाही, ते शोधा. बहुधा सापडेल की त्यांचं कच्चेपण सहावी-सातवीच्या अपूर्णांकांत आणि समीकरणांत आहे, आणि ते वर्ग पर्यवेक्षक म्हणून तुमच्याकडे नव्हते. तसं असेल तर तेवढंच लिहा: ही 9 मुलं का राहिली, त्यासाठी कोणत्या इयत्तेपासून काम करावं लागेल, आणि त्यासाठी पाचवी ते दहावीचे वर्ग एकाच माणसाच्या देखरेखीखाली का हवेत. मुख्याध्यापकपद तुम्हाला कशासाठी हवंय, ते समितीला त्या चार ओळींत कळेल.