पिशवीवरचा भाव आणि गेटवरचा भाव



गट ऑफिसात एक सभासद किलोभर साखरेची पिशवी घेऊन आले. पिशवीवर कमाल किरकोळ किंमत 50 रुपये छापलेली. त्यांचा सवाल सरळ होता, "गेटवर साखर 38 ने जाते म्हणता, मग मधले 12 रुपये खाल्ले कोणी?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आपण ही पिशवी गेटपासून दुकानापर्यंत चालवत नेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. भाव आणि टक्केवारी ठिकाणाप्रमाणे बदलते.

सुटी साखर 38 रुपये. पिशवी, भराई, खोके आणि घट मिळून 2 रुपये. म्हणजे माल गेटबाहेर पडला 40 ला. वितरक त्यावर 5 टक्के चढवतो. त्यात त्याची गाडी, गोदाम आणि दुकानदाराकडची उधारी आली. झाले 42. किरकोळ दुकानदार 10 टक्के धरतो, म्हणजे 46 रुपये 20 पैसे. त्यावर साखरेचा जीएसटी 5 टक्के, की झाले 48 रुपये 51 पैसे. जीएसटी प्रत्येक टप्प्याला लागतो खरा, पण पुढचा मागच्याने भरलेला वजा करून घेतो. म्हणून शेवटी एकदाच मांडला तरी चालतो.

आता 48.51 कोण छापणार? सुट्या पैशांची कटकट नको म्हणून 50 छापतात. या वरच्या 1 रुपया 49 पैशांतले 7 पैसे करात जातात आणि 1 रुपया 42 पैसे दुकानदाराकडे. कारखान्याला त्यातला पैसाही येत नाही. 50 रुपयांची वाटणी अशी झाली: कारखाना 40, वितरक 2, दुकानदार 5.62 आणि सरकार 2.38.

यात एक गंमत पाहा. प्रत्येक जण मागच्याच्या नफ्यासकट असलेल्या रकमेवर आपली टक्केवारी लावतो. त्यामुळे गेटवर एक रुपया वाढला तर शेवटच्या किमतीत सुमारे 1 रुपया 21 पैसे वाढतात. पिशवीचा 2 रुपये खर्च गिऱ्हाइकाला जवळजवळ 2 रुपये 43 पैशांना पडतो.

खरी फसगत पुढे आहे. मोठा दुकानदार म्हणतो, "मला 20 टक्के पाहिजेत." कशावर, हे विचारलेच पाहिजे. खरेदीवर 20 वेगळे आणि छापील किमतीवर 20 वेगळे. छापील 50 वर 20 टक्के म्हणजे 10 रुपये. त्याला माल करासह 40 ला पडला पाहिजे. कर काढला की 38.10. वितरकाचे 5 टक्के काढले की कारखान्याला 36.28. पिशवीचे 2 गेले की साखरेला उरले 34.28! तीच साखर पोत्यात सुटी विकली असती तर 38 आले असते. क्विंटलमागे 372 रुपयांचा खड्डा, आणि वरून "आपला ब्रँड बाजारात आला" म्हणून हार-तुरे. गेटचे 40 राखायचे तर छापील किंमत 55 च्या वर न्यावी लागते. शेजारच्या पोत्यातली सुटी साखर त्याहून बरीच स्वस्त असली, की पिशवी फळीवर धूळ खाते.

मग 50 रुपये ठरवले कोणी? कायद्याने नाही. सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची सक्ती 1990 मध्ये आली. साखरेच्या पिशवीवर आकडा किती असावा हे पॅक करणाराच ठरवतो. त्याहून जास्त घेणे गुन्हा आहे, कमी घ्यायला मोकळीक आहे. म्हणून पिशवी उलटून पॅक करणाऱ्याचे नाव वाचावे. आपल्या राहात्या-श्रीरामपूरकडची साखर पोत्याने नेऊन व्यापाऱ्याने भरली असेल, तर तिथे त्याचे नाव असते आणि 50 चा आकडाही त्याचाच.

सरकारने खालच्या टोकाला आधार दिला तो वेगळा. जून 2018 मध्ये गेटवरचा किमान विक्री दर किलोला 29 रुपये ठरला, फेब्रुवारी 2019 मध्ये तो 31 केला. त्यात जीएसटी आणि वाहतूक धरलेली नव्हती. वरचे टोक पिशवीवर छापले जाते, खालचे गेटवर. मधला पट्टा वितरक आणि दुकानदाराच्या सौद्याचा.

आणि आपल्या उसाचे? महाराष्ट्राच्या 2013 च्या ऊस दर कायद्यात साखर व प्राथमिक उपपदार्थ मिळून 70 टक्के किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे 75 टक्के शेतकऱ्याचे, असा हिशेब आहे. त्या हिशेबात धरतात तो गेटवरचा भाव. दुकानात 50 चे 55 झाले आणि गेटवर 38 चे 38 च राहिले, तर उसाच्या बिलात फरक पडत नाही. त्या सभासदांनी हे ऐकून पिशवी पुन्हा उलटी केली आणि विचारले, "मग वार्षिक सभेत गेटचा सरासरी भाव विचारायचा का?" आम्ही म्हटले, तोच विचारा, आणि पिशवीच्या मालाचा खर्च वजा जाता भाव वेगळा मागा.