लसीकरणाची फिरती घोषणा : वार, तारीख आणि ठिकाण

बऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या मार्गावर निंबोला हे गाव आहे. या भागात घरोघरी मराठी, हिंदी व निमाडी बोली कानी पडतात. डोंगराकडील वस्त्यांत कोरकू भाषा बोलली जाते. अशा गावात बालकांच्या लसीकरणाची सूचना भोंगा लावलेल्या गाडीवरून द्यावयाची असेल, तर त्या घोषणेचा मजकूर कसा असावा, याचा विचार येथे केला आहे.

पूर्वी कोतवाल दवंडी देत असे, तेव्हा तो चौकात उभा राहून बोले आणि लोक त्याच्याभोवती जमत. गाडीचे तसे नाही. येथे ऐकणारा घरात कामात असतो आणि सांगणारा पुढे निघून जातो. गल्लीबोळांत शब्द स्पष्ट कळतील असे अंतर घराच्या अलीकडे ४० मीटर व पलीकडे ४० मीटर धरले, तर एकूण ८० मीटर होतात. गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने गेली, तर हे अंतर ती सुमारे २९ सेकंदांत ओलांडते. माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ५ किलोमीटर वेगाने गेल्यास ५८ सेकंद मिळतात. एका घराच्या वाट्याला एवढाच वेळ येतो.

यावरून मजकुराची लांबी ठरते. ऐकणाऱ्याच्या कानी घोषणेचा कोणता भाग प्रथम पडेल, हे कोणालाही ठाऊक नसते. मधूनच ऐकू लागलेल्या माणसाला पुढचे एक आवर्तन सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळावे, यासाठी आवर्तनाचा काळ मिळणाऱ्या वेळेच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. गाडी चालीच्या वेगाने जात असेल, तर एक आवर्तन विरामासह २८ सेकंदांत संपले पाहिजे. सावकाश व स्पष्ट वाचन केल्यास एवढ्या वेळात सुमारे ४० शब्द बसतात. लसींची नावे, रोगांची माहिती आणि मान्यवरांचे आवाहन यांना त्यात जागा उरत नाही.

पुढील नमुना या मापाने तयार केला आहे. त्यातील तारीख, वेळ व ठिकाण केवळ उदाहरणादाखल आहेत.

“निंबोल्याच्या ग्रामस्थांनो, लसीकरण मंगळवारी आहे. मंगळवार, आठ डिसेंबर. ठिकाण, मारुती मंदिराजवळची अंगणवाडी. वेळ, सकाळी दहा ते दुपारी दोन. पाच वर्षांखालील ज्या बालकांची लस राहिली असेल, त्यांना आणा. कार्ड सोबत आणा. लक्षात ठेवा, मंगळवार, आठ डिसेंबर, मारुती मंदिराजवळची अंगणवाडी.”

यानंतर तीन सेकंद थांबावे व तोच मजकूर एकही शब्द न बदलता पुन्हा वाचावा. दुसऱ्या खेपेस शब्द बदलले, तर ऐकणाऱ्याला ती वेगळीच सूचना वाटते. वार तीनदा, तारीख दोनदा व ठिकाण दोनदा आले आहे, ते हेतुपुरस्सर होय. शेवटचे शब्द मनात अधिक टिकतात, म्हणून समारोप वार, तारीख व ठिकाण यांनीच केला आहे.

तारीख सांगताना “उद्या” किंवा “परवा” हे शब्द टाळावेत. मराठीतील “परवा” होऊन गेलेल्या दिवसालाही लागू पडतो आणि येणाऱ्या दिवसालाही. हिंदीतील “कल” व “परसों” यांची गतही तीच. शिवाय रविवारी ध्वनिमुद्रित केलेला मजकूर सोमवारी वाजविला गेला, तर “परवा” म्हणताच कार्यक्रम एक दिवस पुढे जातो आणि माता बालकाला घेऊन रिकाम्या अंगणवाडीत पोहोचते. वार आणि तारीख दोन्ही सांगितल्यास मुद्रण कोणत्याही दिवशी वाजले तरी अर्थ बदलत नाही. अर्थात तारीख व वार परस्परांशी जुळतात की नाही, हे दिनदर्शिकेवरून आधी पडताळून घ्यावे.

वेळेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. “सहा” आणि “दहा” या शब्दांत केवळ पहिल्या अक्षराचा फरक असून भोंग्यातून “स” हा उच्चार पुसट येतो. म्हणून “दहा” म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि आवाज फाटत असल्यास तो कमी करावा. मोठा पण फाटलेला आवाज दूरवर पोहोचतो, परंतु त्यातील शब्द कळत नाहीत. समाप्तीची वेळ सांगणेही तितकेच अगत्याचे आहे. गोवर-रुबेला लसीची कुपी द्रावण मिसळल्यानंतर चार तासांच्या आतच वापरावी लागते व उरलेली लस टाकून द्यावी लागते. सत्र संपल्यावर आलेल्या बालकाला परत जावे लागते.

ठिकाण लोकांच्या तोंडी असलेल्या नावानेच सांगावे. “अंगणवाडी क्रमांक दोन” हे नाव नोंदवहीत असते. गावकरी मात्र मंदिर, विहीर किंवा वडाच्या खुणेने जागा ओळखतात. दोन वस्त्यांसाठी दोन ठिकाणे असतील, तर दोन स्वतंत्र मजकूर करावेत आणि ज्या वस्तीत गाडी आहे तेथील ठिकाणच वाचावे.

हिंदी आवर्तन मराठीला जोडल्यास एकूण काळ दुप्पट होतो आणि वरील हिशेब कोलमडतो. त्याऐवजी एक फेरी पूर्णपणे मराठीतून व दुसरी हिंदीतून करावी. कोरकू वस्तीत त्याच भाषेचा जाणकार वाचक सोबत घ्यावा. चौकात गाडी उभी करून तीन आवर्तने वाचावीत. ट्रक जात असल्यास आवाज वाढविण्यापेक्षा तो निघून जाईपर्यंत थांबणे बरे.

फेरी आदल्या दिवशी सायंकाळी, मंडळी शेतावरून परतल्यावर काढावी आणि दुसरी सत्राच्या दिवशी सकाळी, लोक शेताला निघण्यापूर्वी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपकासाठी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर लावता येत नाही. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरविला जातो. तेथे भोंगा बंद ठेवावा.

घोषणा पोहोचली की नाही, हे गाडीत बसून कळत नाही. गाडी गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी आशा कार्यकर्ती किंवा शिक्षक यांनी त्याच गल्लीतील दहा घरी दोनच प्रश्न विचारावेत : लसीकरण कोणत्या दिवशी आहे, आणि कोठे आहे? “लसीचे काहीतरी सांगत होते” असे उत्तर वारंवार आल्यास गाडी वेगाने गेली किंवा आवाज फाटला, असे समजावे. दिवस बरोबर पण जागा चुकीची सांगितली जात असेल, तर ठिकाणाची खूण बदलावी. त्या गल्लीत फेरी पुन्हा काढावी.

गाडीचे काम येथे संपते. लस घेतल्यावर ताप येईल का, मागची मात्रा चुकली असल्यास काय करावे, अशा शंकांना भोंगा उत्तर देऊ शकत नाही. ऐकणाऱ्याला प्रतिप्रश्न विचारता येत नाही. आणि अफवेचे खंडन भोंग्यावरून केल्यास अर्धवट ऐकणाऱ्याच्या कानी केवळ अफवाच पडते. त्या शंका आरोग्य सेविकेने व आशा कार्यकर्तीने घरी बसून ऐकाव्यात. गाडीने मात्र प्रत्येक उंबरठ्यापर्यंत वार, तारीख, वेळ आणि ठिकाण बिनचूक पोहोचवावे.