बेरे एनू इल्ला

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरमला राहायला येऊन मला आता अठ्ठावीस वर्षं झाली. माहेर सांगलीचं, पण स्वयंपाकघरात दोन राज्यं केव्हाच एक झाली आहेत. पावसाळा लागला की चहाच्या जोडीला कषाय उकळतं: धने, जिरे, मिरी, सुंठ आणि ज्येष्ठमध. पूड इथल्या ग्रंथिगे अंगडीतून येते. आपल्याकडे ज्याला काष्ठौषधींचं दुकान म्हणतात, तेच हे. दुकानदार सगळं तोलून, दळून कागदी पुडीत बांधून देतो. पुडीवर एक अक्षरही नसतं.

एका वर्षी जुलैत खोकला जाता जाईना आणि पित्तही उठलं. म्हणून कषायाखेरीज नुसतं ज्येष्ठमधाचं चूर्ण मधातून सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा सुरू केलं. आराम पडला, म्हणून सोडलं नाही. ब्लडप्रेशरची गोळी सहा वर्षांपासूनची, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. प्रेशर १३६/८४ च्या आसपास असायचं.

ऑगस्टच्या अखेरीला रात्री पोटऱ्यांत वांब येऊ लागले. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ राहायचा. कालिदास रोडपर्यंत पायी जाऊन भाजी आणणारी मी, पण जिना चढताना मांड्या दमायला लागल्या. प्रेशर तपासलं तर १६४/९८. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध?" मी म्हटलं, "बेरे एनू इल्ला." म्हणजे आणखी काही नाही. त्यांनी गोळीची शक्ती वाढवली. पंधरा दिवसांनी प्रेशर तिथंच आणि पाय आणखी जड. मग त्यांनी दुसरी गोळी लिहून दिली.

मी खोटं बोलले नव्हते. ज्येष्ठमध मला औषध वाटतच नव्हतं. ते मसाल्याच्या फळीवर, वेलदोड्याच्या डब्याशेजारी होतं. "औषध घेता का?" या प्रश्नाला आपल्या घरातली निम्मी माणसं असंच, अगदी प्रामाणिकपणे, चुकीचं उत्तर देतात.

दुसरी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले तेव्हा काउंटरवर नेहमीचा मुलगा नव्हता, फार्मासिस्ट बाई होत्या. महिन्यात दुसऱ्यांदा बदललेली चिठ्ठी पाहून त्या थांबल्या. त्यांनी औषधाचं विचारलंच नाही. "अम्मा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, ते क्रमानं सांगा." मी सांगत गेले. कषाय आलं, मग चमचा आला. ज्येष्ठमध म्हटल्यावर त्यांना नीट कळलं नाही. कन्नडमध्ये 'अतिमधुर' म्हटलं मात्र, त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी हिशेब केला. सपाट चमचा साधारण तीन ग्रॅमचा, म्हणजे दिवसाला सहा ग्रॅम. ज्येष्ठमधात ग्लिसिऱ्हायझिन नावाचं द्रव्य असतं, त्याची गोडी त्यातूनच येते. मुळीगणिक प्रमाण बरंच कमीजास्त होतं, पण पाच टक्के धरलं तरी ३०० मिलिग्रॅम झाले. रोज घ्यायचं तर १०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा युरोपातल्या अन्नतज्ज्ञांचा सल्ला आहे. आणि यात कषाय धरलेलंच नव्हतं.

मूत्रपिंडात मीठ धरून ठेवण्याचा हुकूम आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक देतं. शरीरातलं कॉर्टिसॉलही तोच हुकूम देऊ शकतं, म्हणून तिथं एक विकर पहारेकऱ्यासारखं बसून त्याला निकामी करत असतं. ग्लिसिऱ्हायझिन त्या पहारेकऱ्यालाच गप्प बसवतं. मग मीठ आणि पाणी अंगात साठतं, प्रेशर चढतं, आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. माझ्या गोळीतलं क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम बाहेर टाकणारंच, म्हणजे दोघं एकाच दिशेनं ढकलत होते. टेल्मिसार्टन पोटॅशियम थोडं राखतं, तेवढ्यानं भागलं नाही. हे काही नवं ज्ञान नव्हे. १९४६ मध्ये नेदरलँड्समधल्या रेव्हर्स या डॉक्टरांनी पोटातल्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रण बरे झाले, पण बऱ्याच रोग्यांच्या अंगावर सूज आली.

बाईंनी गोळ्या दिल्या नाहीत आणि बंदही करायला सांगितल्या नाहीत. चिठ्ठीच्या मागे चार ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "आजच डॉक्टरांना दाखवा, पोटॅशियम तपासायला सांगा." ते २.९ निघालं. साडेतीनच्या खाली जाऊ नये. चूर्ण बंद झालं, डॉक्टरांनी काही दिवस पोटॅशियमचं औषध दिलं, दुसरी गोळी घ्यावीच लागली नाही. मात्र हा परिणाम चूर्ण थांबवलं की दुसऱ्या दिवशी जात नाही, रेंगाळतो. माझं प्रेशर जागेवर यायला तीन आठवडे लागले. केळी आणि शहाळी मारून आपणच पोटॅशियम भरून काढू म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, की टेल्मिसार्टनवर असताना ते जास्तही होऊ शकतं आणि जास्त झालेलंही धोक्याचंच. छातीत धडधड झाली किंवा पायांत उभं राहण्याचं बळ उरलं नाही, तर मेडिकलमध्ये नाही, थेट दवाखान्यात जायचं.

आयुर्वेदाला यात दोष देणं मला पटत नाही. यष्टिमधु चूर्णाची नेहमीची मात्रा दोन ते चार ग्रॅम. मी ती ओलांडली, कुणाला न विचारता दोन महिने घेतली, आणि गोळीबरोबर घेतली.

आता फार्मासिस्टकडे जाते ती संध्याकाळी सातला नाही, त्या वेळी रांग असते. दुपारी तीनच्या सुमारास जाते आणि काउंटरवरच्या मुलाला नाही, फार्मासिस्टनाच विचारते. पिशवीत गोळ्यांची पाकिटं, पुडी आणि घरचा तो चमचा असतो. चमचा नेण्याला सून हसते, पण "एक चमचा" म्हणजे किती, हे त्याशिवाय कळत नाही. नाव जितक्या भाषांत येतं तितक्यांत सांगते: ज्येष्ठमध, मुलेठी, यष्टिमधु, अतिमधुर. बाटलीबंद आयुर्वेदिक औषध असेल तर लेबलावर घटकांची यादी असते. खोकल्याच्या काढ्यांत आणि चघळायच्या गोळ्यांत यष्टिमधु असंच लपून बसलेलं सापडतं. कधी सुरू केलं, कशासाठी आणि गोळीच्या आधी की नंतर, हेही सांगते. मग विचारते: हे सोडायचं, की नुसतं अंतर ठेवायचं?

तो फरक मोठा आहे. शेजारच्या काकूंना पित्तासाठी शंखभस्म होतं आणि थायरॉइडची गोळी. शंखभस्म म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, ते थायरॉइडची गोळी पोटात शोषू देत नाही. त्यांना वैद्यांचं औषध सोडावं लागलं नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवून भागलं.

बिनलेबलच्या पुडीत काय आहे, हे मात्र कुठलाही फार्मासिस्ट पाहून सांगू शकत नाही. तो "माहीत नाही" म्हणाला तर ते खरं उत्तर समजावं, आणि पुडी देणाऱ्याकडून घटक लिहून आणावेत. त्रास झालाच तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णालाही करता येते.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी ग्रंथिगे अंगडीत गेले. कषायाची पूड सांगितली आणि म्हटलं, त्यातलं अतिमधुर काढा. दुकानदारानं तराजू थांबवला. "अतिमधुर बेडवा? मग गोडी कुठून येणार, अम्मा?" गूळ घालते म्हटलं. त्यानं मान हलवली, आणि माझ्या आग्रहावरून पुडीवर एकेक जिन्नस लिहून दिला, कन्नडमध्ये, बॉलपेननं. धने, जिरे, मिरी, सुंठ.