उपवास : पोटाचा की जिभेचा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गुरुचरित्राचे पारायण होते. त्या सात दिवसांत कोणी एकभुक्त राहतो, कोणी हविष्यान्न घेतो, कोणी मीठ-तिखट सोडतो. बाकी वर्षभर गुरुवार आहेत, एकादश्या आहेत, चतुर्थ्या आहेत. म्हणजे उपास काही आपल्याला नवा नाही. पण 'उपास कशासाठी?' असे नातवाने विचारले, तर 'देवासाठी' यापुढे आपले उत्तर जात नाही. देवाला आपल्या उपाशी राहण्याने काय मिळते, हा नातवाचा पुढचा प्रश्न असतो आणि तो बरोबर असतो. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या दत्तपरंपरेतच आहे. इतर धर्मांनी आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या थोरांनीही ते आपापल्या परीने शोधले आहे. ते एका ठिकाणी मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

शब्दापासून सुरुवात करू. उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणे. या शब्दात अन्नाचे नावही नाही. जवळ राहायचे ते देवाच्या. एकादशीची जुनी रीत पाहिली की हे लक्षात येते. दशमीला एकच वेळ जेवण, एकादशीला निराहार, द्वादशीला सकाळी पारणे. स्वयंपाक, जेवण, आवराआवर यांत जाणारा वेळ वाचतो तो नामस्मरणासाठी आणि रात्रीच्या जागरणासाठी. अन्न सोडणे हे साधन आणि जवळ बसणे हे काम, अशी ती मांडणी आहे.

आता सध्याची रीत बघा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी बटाट्याचा कीस, मधल्या वेळेला राजगिऱ्याचा लाडू आणि केळी. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण काही उगीच पडलेली नाही. गंमत अशी की यात नियम कुठेच मोडलेला नसतो. धान्य पोटात गेले नाही, उपास कागदावर बरोबर आहे. मग चुकले काय?

याचे उत्तर भागवताच्या एकादश स्कंधात मिळते. तिथे यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपले चोवीस गुरू सांगतो. हा अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभू, असे आपण मानतो. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात ही कथा विस्ताराने सांगितली आहे. त्या चोवीस गुरूंमध्ये एक मासा आहे. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीपायी तो जीव गमावतो. यावर अवधूत जे सांगतो ते उपास करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे. निराहार राहिल्याने बाकीची इंद्रिये लवकर ढिली पडतात, पण जीभ तेवढी पडत नाही. उलट अन्न बंद केले की तिची ओढ वाढते. आणि जीभ जिंकली नाही तोवर इतर सगळी इंद्रिये जिंकली तरी माणूस जितेंद्रिय झाला असे म्हणता येत नाही.

म्हणजे उपासाचा धोका काय, हे खुद्द अवधूतानेच सांगून ठेवले आहे. पोट रिकामे ठेवणे सोपे आहे, पण पोट रिकामे झाले की मन स्वयंपाकघरात जाऊन बसते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही हेच सांगितले आहे. आहार सोडणाऱ्याचे विषय सुटतात, पण त्यांतला 'रस' मागे उरतो. तो रस परमात्म्याच्या दर्शनानेच जातो. तेव्हा उपास म्हणजे रस किती उरला हे तपासण्याचा दिवस. ही कसोटी हातात धरली की इतर धर्मांच्या उपवासातले नियमही समजू लागतात.

मुसलमान बांधवांचा रोजा पहा. पहाटे उजाडण्यापूर्वी सहरी, सूर्यास्ताला इफ्तार, मधल्या वेळात पाण्याचा थेंबही नाही. सुरुवात नियतने म्हणजे संकल्पाने होते. आणि त्यांच्या पैगंबरांची शिकवण अशी की जो खोटे बोलणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाला काही गरज नाही. म्हणजे तिथेही मामला जिभेचाच आला, फक्त चवीबरोबर बोलण्याचीही जीभ धरली. आजारी आणि प्रवासी यांना रोजातून सूट आहे. ते दिवस नंतर भरून काढायचे. ज्याला म्हातारपणामुळे किंवा कायमच्या दुखण्यामुळे कधीच जमणार नाही, त्याने प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचे. ही सूट फार विचाराने ठेवलेली आहे. शरीराला झेपत नसेल तर व्रताचा हेतू दुसऱ्या वाटेने पुरा करता येतो, असा तिचा अर्थ.

जैन परंपरेत तर उपवासाचे अगदी बारीक टप्पे आहेत. एकाशन म्हणजे एकदाच बसून जेवणे. आयंबिल म्हणजे दूध, तूप, तेल, गूळ-साखर वगळून एकदाच घेतलेले बेचव अन्न. पूर्ण उपवासात फार तर उकळलेले पाणी, तेही दिवसाउजेडीच. पण मला त्यांतले सर्वात मोलाचे वाटते ते 'ऊनोदरी'. ऊन म्हणजे कमी. पुरुषाचे पोटभर जेवण बत्तीस घासांचे धरले, तर एकतिसाव्या घासाला थांबणे हेही तप मानले आहे. घास एकच, पण भूक शिल्लक असताना आणि ताटात अन्न असताना उठायचे आहे. निर्जळी एकादशी करणाऱ्यालाही हे जड जाते, कारण इथे पोट नाही तर रसच थांबवावा लागतो.

बुद्धांनी देह कोरडा पडेपर्यंत उपासमार करून पाहिली आणि ती सोडून मध्यम मार्ग धरला. तरीही आपल्याकडचे बौद्ध उपासक पौर्णिमेला अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. गीतेनेही सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सेवाग्राम आश्रमाच्या एकादश व्रतांत 'अस्वाद' हे एक स्वतंत्र व्रत होते. अन्न औषधासारखे, शरीराला लागते म्हणून घ्यायचे, चवीसाठी नाही. गांधीजींनी आयुष्यात अनेक मोठे उपवास केले, पण त्यांतला राजकोटचा उपवास आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. मार्च १९३९ मध्ये राजकोटच्या ठाकुरांनी दिलेला शब्द मोडला म्हणून त्यांनी उपवास धरला. व्हाइसरॉयने मध्यस्थी केली, उपवास सुटला आणि सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांचा निवाडाही गांधीजींच्या बाजूने लागला. जगाच्या हिशेबी उपवास यशस्वी झाला. पण मे महिन्यात गांधीजींनी स्वतःहून त्या निवाड्याचा लाभ सोडून दिला. कारण त्यांनीच सांगितले : उपवास ठाकुरांचे मन बदलावे म्हणून होता, आणि तो चालू असताना आपण व्हाइसरॉयकडे दाद मागितली. म्हणजे वरून दाब आणला. तो उपवास त्यामुळे डागाळला, त्यात हिंसा आली.

पोटाच्या बाबतीत त्या उपवासात काही उणे नव्हते. उणे होते ते आत. आपल्या घरातही हे घडते. सुनेवर किंवा मुलावर रागावून 'आज मला उपास आहे' म्हणणारे ताट बाजूला सारतात, तो उपास नव्हे, तो दाब आहे. ख्रिस्ताने डोंगरावरच्या प्रवचनात उपास करताना तोंड धुवून, डोक्याला तेल लावून राहा, लोकांना कळू देऊ नका, असे सांगितले ते याचसाठी.

दुसरे उदाहरण पवनारचे. विनोबाजींनी १९८२ च्या नोव्हेंबरात अन्न, पाणी, औषध सोडून देह ठेवला हे सर्वांना ठाऊक आहे. तो प्रायोपवेशनाचा, आयुष्याच्या अखेरीचा विषय. आपल्या नित्याच्या उपवासाशी त्याची गल्लत करू नये. गृहस्थांसाठी त्यांनी दिलेली गोष्ट वेगळी होती : उपवासदान. महिन्यातून एक दिवस उपवास करायचा आणि त्या दिवशीच्या जेवणाचे वाचलेले पैसे सर्व सेवा संघाच्या कामाला द्यायचे. यातली खुबी अशी की हिशेब लागतो. फराळाने उपास केला तर द्यायला काही उरतच नाही!

आयुष्य बँकेत वह्या लिहिण्यात गेले, म्हणून हा हिशेब एकदा मांडूनच दाखवतो. भाव अंदाजाचे आहेत, आपापल्या दुकानाप्रमाणे बदलून घ्यावे. घरात नवरा-बायको दोघे. रोजचे दोन वेळचे पोळी, भाजी, वरण-भात दोघांचे मिळून १२० रुपये धरू. एकादशीचा फराळ असा : साबुदाणा २०, शेंगदाणे ३०, तूप ३५, बटाटे १५, भगर २५, दही २५, केळी २०, राजगिऱ्याचे लाडू ३०. बेरीज २०० रुपये. म्हणजे उपासाच्या दिवशी ८० रुपये जास्त गेले. आता त्याच दिवशी दोघांनी अर्धा लिटर दूध (३० रुपये) आणि थोडी फळे (३० रुपये) एवढेच घेतले, तर खर्च ६० आणि शिल्लकही ६०. महिन्याच्या दोन एकादशींचे १२०, वर्षाचे १४४० रुपये. कोणाच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांना किंवा मंदिराच्या अन्नदानाला एवढे पुरेसे होतात. शिल्लक निघाली की उपास खरा, तूट आली की तो फराळ, ही कसोटी वहीच सांगते.

पण पैशाची शिल्लक ही बाहेरची खूण. आतली खूण ओळखायला संध्याकाळी तीन प्रश्न पुरतात. आज किती वेळा घड्याळ आणि उद्याचे पारणे आठवले? कोणावर जास्त खेकसलो का? आणि उपास आहे हे न विचारता किती जणांना सांगितले? आधीच्या महिन्यापेक्षा उत्तरे हलकी होत गेली तर रस कमी होतो आहे असे समजावे.

वयाचाही विचार हवा. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट, तेव्हा मधुमेह असणाऱ्यांची साखर त्याने भराभर चढते. उलट साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निराहार राहिले तर साखर एकदम उतरते : घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. असे झाले तर तिथल्या तिथे साखर-पाणी घ्यावे, व्रत मोडले म्हणून घाबरू नये. गोळीचे प्रमाण डॉक्टरांना आधी विचारावे, मनाने गोळी सोडू नये. अशांनी निराहार न राहता ऊनोदरी करावी, वेळेवर जेवून शेवटचा आवडीचा पदार्थ पानात घ्यायचा नाही. लोणचे सोडा, चहातली साखर सोडा, निंदा सोडा. अवधूताच्या माशाने शिकवलेला धडा त्यातही पुरा होतो, कारण तो पोटाचा नव्हताच, जिभेचा होता.

यंदाच्या मार्गशीर्षात पारायणाला बसताना संकल्पात तिथी आणि आहार यांच्याबरोबर एका चवीचे नावही घालावे, आणि सात दिवस ती सांभाळून पाहावी.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥