सत्तर चिन्हांचा संदेश

(मोबाइलवरून पाठवलेला मराठी लघुसंदेश त्याच अर्थाच्या इंग्रजी संदेशापेक्षा लवकर तुकड्यांत विभागला जातो. असे का होते, हे या पाठात एका उदाहरणावरून समजावून सांगितले आहे.)

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. पावसाळ्यात भातसा, काळू या नद्यांना पूर येतो. अशा एखाद्या संध्याकाळी तेथील एका शाळेच्या मुख्याध्यापकांना सर्व पालकांना निरोप धाडावयाचा आहे, अशी कल्पना करा. इंटरनेट मिळत नसले तरी साध्या मोबाइलवर लघुसंदेश, म्हणजे एस.एम.एस., पोहोचू शकतो. म्हणून ते लिहितात :

“मुसळधार पावसामुळे उद्या शाळेला सुटी आहे. मुलांना घरीच ठेवा. नदीच्या पुलावरून जाऊ नका.”

निरोप लहानच आहे. परंतु तो पाठवताच एका संदेशाचे दोन तुकडे होतात. हाच मजकूर आम्ही इंग्रजीत लिहून पाहिला. त्यात ९९ चिन्हे भरली, तरीही तो एकाच संदेशात मावला. मग मराठीनेच काय अपराध केला?

याचे उत्तर मिळवण्यासाठी लघुसंदेशाची पेटी पाहू. यंत्राला अक्षर कळत नाही, अंक कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि तो क्रमांक केवळ ० आणि १ यांच्या साहाय्याने लिहिला जातो. अशा एका ० किंवा १ च्या जागेला ‘बिट’ म्हणतात. लघुसंदेशाच्या पेटीत मजकुरासाठी एकंदर १,१२० बिट असतात. त्याहून एकही अधिक नाही.

ही पेटी युरोपात आखली गेली. १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे जर्मन अभियंते बॉन शहरात या कामात गुंतले होते. त्यांनी निरनिराळी वाक्ये टंकलिखित करून त्यांतील अक्षरे मोजली, पोस्टकार्डांवरील मजकुराची लांबी पाहिली आणि १६० अक्षरे पुरेशी आहेत असे ठरवले. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात पाठवला गेला; तो नाताळच्या शुभेच्छांचा होता.

आता हिशेब करू. सात बिटांत ० आणि १ यांच्या १२८ निरनिराळ्या रचना होतात. इंग्रजीची लहानमोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांना तेवढ्या पुरतात. म्हणून प्रत्येक इंग्रजी अक्षराला सात बिटांची जागा दिली गेली. १,१२० ला ७ ने भागले की १६० येतात.

त्या १२८ जागांच्या सारणीत देवनागरीला मात्र स्थान नव्हते. ‘क’ लिहावयाचा तर दुसरी, फार मोठी सारणी वापरावी लागते. तिला ‘युनिकोड’ म्हणतात. तिच्यात जगातील अनेक लिप्यांना क्रमांक दिलेले आहेत, आणि लघुसंदेशात तिच्यातील प्रत्येक चिन्हास सोळा बिटांची जागा लागते. १,१२० ला १६ ने भागा : उत्तर ७०. पेटी तीच, परंतु तिच्यात इंग्रजीची १६० चिन्हे मावतात, तर मराठीची केवळ ७०.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपण जे एक अक्षर म्हणून वाचतो, ते यंत्राच्या लेखी एकच चिन्ह असते असे नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही प्रत्येक खूण निराळी मोजली जाते. ‘मुरबाड’ या नावात आपल्याला चार अक्षरे दिसतात. यंत्र मात्र म, उकार, र, ब, काना, ड अशी सहा चिन्हे मोजते. जोडाक्षरात तर पाय मोडल्याची खूणही मोजावी लागते. ‘विद्यार्थी’ या तीन अक्षरी शब्दात व, वेलांटी, द, पायमोड, य, काना, र, पायमोड, थ, दीर्घ वेलांटी अशी दहा चिन्हे आहेत.

म्हणून कित्येक लोक सारा दोष काना-मात्रांवर टाकतात. तो खरा नव्हे. इंग्रजीतही स्वरांसाठी वेगळी अक्षरे लिहावीच लागतात. आपल्या निरोपात मराठीची चिन्हे ८५ च आहेत, म्हणजे इंग्रजीहून १४ ने कमी! खरे कारण चिन्हांची संख्या हे नसून प्रत्येक चिन्हाला लागणारी जागा हे आहे. ९९ ला ७ ने गुणले असता ६९३ बिट होतात. ते पेटीत सहज मावतात. ८५ ला १६ ने गुणले असता १,३६० होतात. ते मावत नाहीत.

मजकूर पेटीत मावला नाही म्हणजे यंत्रणा त्याचे तुकडे करते. हे तुकडे स्वतंत्रपणे प्रवास करतात. ‘हा कोणत्या निरोपाचा कितवा तुकडा’ हे कळावे म्हणून प्रत्येकावर एक शीर्षक बसवावे लागते. ते तीन मराठी चिन्हांइतकी जागा खाते. त्यामुळे तुटलेल्या संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात ७० नव्हे, तर ६७ च चिन्हे मावतात.

आता आपला निरोप कोठे तुटतो ते पाहा. सदुसष्टावे चिन्ह ‘नदीच्या’ या शब्दाच्या शेवटी येते. “पुलावरून जाऊ नका” हे शब्द दुसऱ्या तुकड्यात जातात. दोन्ही तुकडे पोहोचले तर मोबाइल ते जोडून एकसंध दाखवतो. परंतु दुसरा तुकडा वाटेत अडकला तर काही मोबाइल अपुरा निरोप दाखवतात, तर काही शेष तुकड्याची वाट पाहत राहतात. नेमकी जिवाची सूचनाच मागे राहते! शिवाय प्रत्येक तुकड्याचा आकार संदेश म्हणून वेगळा लागतो. ३०० पालकांना पाठवलेल्या या निरोपाचे ६०० संदेश होतात.

इंग्रजी निरोपात एखादेच मराठी अक्षर घातले तर? तरीही सबंध निरोपाला सोळा बिटांचे माप लागू होते, कारण एका संदेशाला एकच सारणी चालते. ९९ चिन्हांच्या त्या इंग्रजी निरोपाखाली ‘शहापूर’ हे नाव देवनागरीत लिहिले, की त्याचेही दोन तुकडे होतील.

गंमत अशी, की युनिकोडमध्ये देवनागरीसाठी मुख्यत्वे राखलेला विभाग १२८ जागांचाच आहे. म्हणजे देवनागरीसाठी सात बिटांची सारणी करणे अशक्य नव्हते. पुढे हिंदीसाठी तशी सारणी नियमांत आलीही. परंतु ती पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही मोबाइलांना ठाऊक असावी लागते. म्हणून अजूनही सामान्यतः ७० चाच हिशेब चालतो.

तोवर लिहिणाऱ्याने काय करावे? महत्त्वाचे आधी लिहावे आणि अनावश्यक शब्द गाळावेत :

“नदीच्या पुलावरून जाऊ नका. पावसामुळे उद्या शाळेला सुटी. मुले घरीच ठेवा.”

शब्दांमधील मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून मोजा. बरोबर ७० चिन्हे भरतात, आणि निरोप अखंड पोहोचतो.

शब्दार्थ
सारणी – कोष्टक, तक्ता; पायमोड – व्यंजनातील स्वर गेल्याची खूण; आकार – मूल्य, शुल्क; एकसंध – न तुटलेला.

स्वाध्याय
१. इंग्रजीची १६० आणि मराठीची ७० ही मर्यादा कशी निघाली, ते भागाकार करून दाखवा.
२. ‘शहापूर’ आणि ‘ज्ञानेश्वर’ या शब्दांतील चिन्हे सुटी करून मोजा.
३. निरोपाचे तुकडे होण्याचे मुख्य कारण काना-मात्रा हे नव्हे, असे लेखक का म्हणतो?
४. तुमच्या शाळेच्या सहलीची सूचना ७० चिन्हांत लिहा.